पुलापलीकडचा आकडा

ऑफिसात तिला सगळे चाळण म्हणायचे. तोंडावर ताई, पाठीमागे चाळण. तिला ते माहीत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. शहराच्या आरोग्य खात्याचे आकडे लोकांसमोर जाण्याआधी तिच्या हाताखालून जात. खडा सापडला की ती थांबायची, आणि तो कुठून आला ते कळेपर्यंत कुणाला पुढे जाऊ द्यायची नाही. म्हणून हे नाव.

त्या दिवशी दुपारी मीटिंगच्या खोलीत पडद्यावर शहराचा नकाशा होता. शहराचे बारा भाग, आणि प्रत्येक भागात फोन केल्यापासून अँब्युलन्स दारात यायला सरासरी किती मिनिटं लागतात त्याचा रंग. चांगलं ते हिरवं, बरं ते पिवळं, अठरा मिनिटांच्या वर गेलं की लाल. हा डॅशबोर्ड दर तिमाहीला खात्याच्या वेबसाइटवर जाहीर व्हायचा. इतकी वर्षं तो एका जुन्या, ठिगळं लावलेल्या प्रोग्रामवर चालला होता. आता नवा तयार झाला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो लोकांसाठी खुला होणार होता. तशी जाहीर सूचनाही गेली होती.

"बघा तरी," विभागाच्या मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "पुलापलीकडचा भाग हिरवा! कधी पाहिला होता का?"

सगळे हसले. नवा डॅशबोर्ड बांधणारा प्रोग्रामर खुर्चीत थोडा ताठ झाला. त्याला बुलेट म्हणत, कारण त्याचं बोलणं, चालणं आणि काम सगळंच सुसाट होतं.

चाळण हसली नाही. तिच्यासमोर फरकांची यादी होती. नवं काही जाहीर करण्याआधीचा नियम साधा होता. मागच्या तिमाहीचे आकडे आधीच छापून झालेले आहेत, तीच तिमाही नव्या प्रोग्राममधून पुन्हा काढायची आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवायची. तिमाही तीच, कच्ची माहिती तीच, मग उत्तरही तेच यायला हवं. नाही आलं तर का नाही ते सांगता यायला हवं. कारण न सापडलेला एकही फरक उरला तर सही नाही. आणि सही तिची असायची.

अकरा भागांत फरक दशांशातला होता. पुलापलीकडे जुना आकडा १८.६ आणि नवा १३.१.

"मॅडम, हा भाग हिरवा नवीन तिमाहीत झालेला नाही," ती म्हणाली. "मागची तिमाही नव्याने काढली तरी तो हिरवाच येतोय. आपण जी तिमाही लाल म्हणून छापली, तीच. म्हणजे अँब्युलन्स लवकर यायला लागलेली नाही. आपली मोजायची पद्धत बदललीय."

"सुधारलीय," बुलेट म्हणाला. "जुन्यात एकच कॉल दोनदोनदा यायचा, ताई. मी ते डुप्लिकेट काढले. तिथे कॉलची संख्या शंभरात पाचने कमी झालीय, ती त्यामुळेच. कारणाच्या रकान्यात लिहिलंय मी."

"शंभरात पाच कॉल काढून साडेपाच मिनिटं कशी उतरतील?"

मॅडमनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. त्या वाईट बाई नव्हत्या. पण वरून आठवड्याभरात चार वेळा फोन आला होता, आणि प्रत्येकाला त्यांनी 'उद्या दहा' असंच सांगितलं होतं.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही राहता पुलापलीकडेच ना?"

"हो."

"आणि पुढच्या आठवड्यात गाड्या मंजूर करणाऱ्या मंडळापुढे तिथल्या दुसऱ्या अँब्युलन्सचा विषय आहे. आकडा लाल राहिला तर गाडी मिळणार, नाही तर नाही. मी आरोप करत नाहीये. पण आपला तो बाब्या असं तर होत नाहीये ना, एवढं स्वतःला विचारा."

तिची कानशिलं तापली. उत्तरं जिभेवर आली होती, पण त्यांतलं एकही तिला स्वतःला पटेना. कारण तिला गाडी हवी होती. मनापासून हवी होती. घरी तिचे वडील होते. हृदय दुबळं झालेलं, आणि जिना चढताना प्रत्येक मजल्यावर, जणू शेजाऱ्यांची पाटी वाचायचीय अशा थाटात, उभे राहणारे.

"मी कॉलवार ताळा करून बघते," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत सांगते."

जागेवर येऊन बसली, पण बसवेना. उठून पाणी प्याली, खिडकी उघडली, वाऱ्याने कागद उडाले म्हणून लावली. मॅडमचं वाक्य डोक्यात किड्यासारखं वळवळत होतं. खडा दिसला म्हणून ती थांबली होती, की खडा असावा अशी इच्छा होती म्हणून तिला तो दिसला?

सरासऱ्या बाजूला ठेवून तिने सुट्टे कॉल काढले. प्रत्येक कॉलला कंट्रोल रूमचा एक क्रमांक असतो. जुन्या प्रोग्राममधले कॉल एका बाजूला, नव्यातले दुसऱ्या बाजूला, आणि क्रमांकाने एकेकाची गाठ मारली. ज्यांची जोडी जमली त्यांच्या मिनिटांची वजाबाकी केली. जे जुन्यात होते पण नव्यात नव्हते, ते मागाहून पाहू म्हणून बाजूला ठेवले. त्यांच्यापुढे 'डुप्लिकेट' लिहिलेलंच होतं.

चारांतल्या तीन कॉलमध्ये वजाबाकी शून्य आली, सेकंदाचाही फरक नाही. उरलेल्या चौथ्या हिश्शात मात्र फरक एखाददुसऱ्या मिनिटाचा नव्हे, पंधरा-पंधरा, वीस-वीस मिनिटांचा होता. म्हणजे सगळीकडे थोडं थोडं नाही, काही ठिकाणीच आणि भलतंच. तिने सर्वांत मोठा फरक वर येईल अशी यादी लावली.

वरून सातव्या ओळीवर तिचीच गल्ली होती.

यादीत नावं नसतात. गल्ली, तारीख, वेळा, एवढंच. तरी ती ओळ तिने ओळखली. थंडीतली ती पहाट. वडील पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास ओढत होते आणि ती खाली रस्त्यावर, पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून, वळणाकडे बघत उभी होती. जुन्या प्रोग्रामप्रमाणे गाडी यायला सदतीस मिनिटं. नव्याप्रमाणे नऊ.

"नऊ!" ती मोठ्याने म्हणाली. पलीकडच्या टेबलावरच्याने मान वर केली.

तिने ती ओळ शोधली नव्हती, समोर आली होती. पण आता आलीच होती, तर त्या पहाटेचं सगळं तिला आठवायला लागलं. मध्येच कंट्रोल रूममधून फोन आला होता. 'ताई, निघालेली गाडी पुलावरच्या अपघाताकडे वळवलीय, दुसरी पाठवतोय.' दुसरी गाडी. आणि ती निघाल्यापासून नऊ मिनिटांत आली होती, हे खरं होतं.

तिने बुलेटला बोलावलं.

"मिनिटं कुठल्या क्षणापासून मोजलीस?"

"सुरुवातीची वेळ. तसा रकानाच आहे, 'सुरुवात' नावाचा."

"आणि जुना प्रोग्राम?"

त्याने जुना प्रोग्राम उघडला, खाली गेला, वर आला. "फोन उचलल्याची वेळ. पण ताई, दोन्ही एकच आहेत. मी मध्यवर्ती भागातले शंभरेक कॉल तपासले होते, सगळे जुळले."

"मध्यवर्ती भागात गाडी बदलायची वेळच येत नाही. हा कॉल बघ. यात दोन गाड्या आहेत."

बुलेट पुढे झुकला. मग त्याने त्या चौथ्या हिश्शातले कॉल भराभर उघडले. प्रत्येकात दोन गाड्या, एकात तर तीन. त्याने कंट्रोल रूमच्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका शोधली, आणि ते वाक्य सापडल्यावर त्यावर बोट ठेवून ते पुन्हा वाचलं. गाडी बदलली की 'सुरुवात' ही वेळ नव्याने पडते, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं.

"म्हणजे पहिली गाडी वळवली की आपण घड्याळ पुन्हा शून्यावर आणतोय," तो म्हणाला. "माणूस तिकडे तडफडतोय आणि आपण म्हणतोय, चला, आता मोजायला घ्या." त्याने कपाळावर हात मारला. "मी नावावरून घेतला हो रकाना. नावावरून!"

"नाव चांगलंच आहे त्याचं. दुरुस्त कर."

त्याने रकाना बदलला, सगळं पुन्हा चालवलं. मॅडमही येऊन मागे उभ्या राहिल्या. आकडा वर चढला. १७.२.

"अठराच्या आत आहे, पण हिरवं नाही. पिवळं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चाळणच्या खांद्यावर हात ठेवला. "दुपारी मी जे बोलले ते मनावर घेऊ नका. हे तेरा म्हणून छापलं असतं तर उद्या लोकांनी आपल्याला सोडलं नसतं."

"पण जुना आकडा १८.६ आहे," चाळण म्हणाली. "सगळं जुळलं असेल तर तो यायला हवा. अजून दीड मिनिटाचा फरक उरतो."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनीच तोडगा काढला. "मी एक सांगू? नव्यावर आता माझाच विश्वास राहिला नाही. उद्या आपण नकाशा याच नव्या रूपात, पण आकडे जुन्या प्रोग्रामचे देऊ. ते इतकी वर्षं छापत आलोय, कुणी नावं ठेवली नाहीत. नवे आकडे पुढच्या तिमाहीला. ताक फुंकून पिऊ."

बुलेटने सुटकेचा श्वास सोडला. जुने आकडे म्हणजे नव्या तिमाहीतही अठराच्या वर. म्हणजे लाल. म्हणजे दुसरी गाडी. मागणं न मागता पदरात पडत होतं, तेही मॅडमच्या हातून, आणि तिच्याकडे बोट दाखवायला कुणालाही जागा नव्हती. तिने फक्त मान हलवायची होती. तिने ती हलवली.

घरी गेल्यावर मात्र तिला चैन पडेना. भाजी चिरताना बोट कापलं. वडिलांनी तीनदा एकच गोष्ट विचारली तेव्हा कुठे तिच्या कानांत शिरली.

"गाडीचं काय झालं, असं विचारतोय," वडील म्हणाले. "खालचे काका म्हणत होते, उद्या तुमचा आकडा येणार म्हणून."

"येईल."

"लाल?"

"बहुतेक."

"मग तुझं तोंड का असं, कारलं खाल्ल्यासारखं?"

"बाबा, जेवा ना तुम्ही."

वडिलांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि घास उचलला. त्यांना दमाने बोलावं लागे, म्हणून ते शब्द जपून वापरत. तिला मात्र ती बाजूला ठेवलेली यादी दिसत होती. जुन्यात असलेले आणि नव्यात नसलेले कॉल. शंभरातले पाच. 'डुप्लिकेट' हे कारण बुलेटने लिहिलं होतं आणि तिने न तपासता पुढे जाऊ दिलं होतं. ज्या माणसाचा एक रकाना नावावरून चुकला, त्याचं हे कारण तरी का खरं मानायचं? आणि खरं नसेल तर ते आज दुपारीच का पाहिलं नाही? वेळ नव्हता म्हणून? की आकडा तिच्या बाजूने झुकला होता म्हणून?

सकाळी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली. झाडणारा अजून खुर्च्या उलट्या करून ठेवत होता. तिने ती यादी उघडली.

डुप्लिकेट त्यात होते, पण मोजकेच. बाकी जवळजवळ सगळे एकाच पत्त्यावरचे निघाले. पुलापलीकडचं ते मोठं रुग्णालय, जिथे ऑपरेशननंतरचे लोक महिना महिना बरे व्हायला राहतात. कॉलचा प्रकार होता 'ठरलेली ने-आण'. रुग्णाला तपासणीसाठी दुसरीकडे न्यायचं, आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं, घाई कुणालाच नाही. गाडी सवडीने, पाऊण तासाने आली तरी कुणाचं अडत नसे. असे कॉल सरासरीत धरायचेच नसतात. इतर रुग्णालयांचे जुना प्रोग्राम वगळत असे. हे रुग्णालय मागाहून सुरू झालं होतं आणि वगळण्याच्या यादीत त्याचा क्रमांक कुणी घातलाच नव्हता. नव्या प्रोग्रामने पत्त्यावर न जाता कॉलचा प्रकार पाहिला होता आणि ते बरोबर बाहेर काढले होते. पण त्या सगळ्यांवर बुलेटने 'डुप्लिकेट' ही एकच चिठ्ठी चिकटवली होती.

तिने तेवढे कॉल जुन्यातून काढून सरासरी पुन्हा घेतली. १७.२. दोन्हीकडे १७.२.

फरक संपला होता. एकही खडा उरला नव्हता. आणि पुलापलीकडचा भाग लाल नव्हता, रुग्णालय सुरू झाल्यापासून बहुधा कधीच नव्हता.

तिने खुर्ची मागे सरकवली आणि तोंडावर हात घेऊन बसली. मग उठली, जिन्यापर्यंत गेली, परत आली. कुणाला कळलं असतं? पुढच्या तिमाहीला नवे आकडे आले असते, तोवर गाडी मिळालेली असती, आणि मिळालेली गाडी कोण परत नेतो? पहाट, रस्ता, त्या चपला, सगळं डोळ्यांपुढे नाचत होतं. सतरा मिनिटं तरी चांगली आहेत का? घरात माणूस घुसमटत असताना सतरा मिनिटं म्हणजे काय, हे नकाशावरच्या पिवळ्या रंगाला काय ठाऊक!

मॅडम आल्या तेव्हा ती त्यांच्या दारातच उभी होती.

"जुने आकडे देऊ नका," ती म्हणाली. "जुना चूक आहे. नवा, दुरुस्त केलेला, बरोबर आहे."

तिने सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकताना पर्स खाली ठेवलीच नाही.

"तुम्हाला कळतंय ना, याचा अर्थ काय होतो?"

"कळतंय."

"काल तुम्ही मान हलवलीत. आज मी काही न बोलता तेच छापलं असतं."

"म्हणून तर लवकर आले," चाळण म्हणाली. "टीप मी लिहिते. दोन्ही गोष्टी लिहायच्या. आधी छापलेला आकडा का बदलला ते, आणि चारांत एका कॉलला वाटेत गाडी बदलावी लागते ते. दुसरी ओळ कापायची नाही. तेवढं माझं ऐका."

"ती ओळ वर आवडणार नाही."

"खरी आहे."

मॅडम जराशा हसल्या. "काल तुम्हाला बाब्याचं बोलले ना, ते शब्द मागे घेते. लिहा."

दहाच्या ठोक्याला डॅशबोर्ड खुला झाला. नव्या तिमाहीतही पुलापलीकडचा भाग पिवळा, आणि नकाशाखाली टीप. बुलेटने तिच्या टेबलावर चहा आणून ठेवला आणि हळूच निघून गेला. त्याच्यासाठी ते फारच संथ होतं.

पुढच्या आठवड्यात मंडळाने दुसरी गाडी नाकारली. आकडा मर्यादेच्या आत आहे, एवढं एकच कारण दिलं. पण मंडळावरच्या एका डॉक्टरांनी टीप वाचली होती. चारांत एक म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं आणि उत्तर मिळेपर्यंत विषय सोडला नाही. शेवटी ठरलं ते एवढंच, की पुलापलीकडची गाडी अलीकडच्या कामाला वळवायची असेल तर आधी जवळ दुसरी आहे का ते पाहायचं, आणि तीन महिने हे करून बघायचं. कुणाचंच समाधान झालं नाही.

त्या संध्याकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका भेटले. ते दारातच उभे होते, वाट बघत असल्यासारखे.

"लाल होतं म्हणे आधी," ते म्हणाले. "तुमच्याच ऑफिसने पिवळं केलं. खरं का?"

"खरं आहे, काका. आधीचं मोजमाप चुकलेलं होतं."

"आमची वाट बघणं चुकलेलं नव्हतं ना? की तेही तपासून बघणार?"

तिला खूप काही सांगता आलं असतं. ठरलेली ने-आण, रुग्णालयाचा क्रमांक, सरासरी. ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "नव्हतं चुकलेलं." काकांनी मान फिरवली आणि दार लावून घेतलं. जोरात नाही, पण लावलंच.

वर वडील जागेच होते. काकांचा आवाज त्यांनी ऐकला असणार.

"नाही ना मिळाली गाडी?"

"नाही. तीन महिने काहीतरी करून बघतायत."

"हं." ते थोडा वेळ श्वास जुळवत राहिले. "तुझ्यामुळे?"

ती त्यांच्या पायाशी बसली. "काही अंशी माझ्यामुळे, बाबा. आकडा मीच बदलला."

वडील तिला रागावले नाहीत, की त्यांनी शाबासकीही दिली नाही. उशी नीट करायला पुढे वाकले तर त्यांना धाप लागली, आणि ती धाप निवेपर्यंत ती त्यांची पाठ चोळत राहिली, त्यांचा प्रत्येक श्वास नकळत मोजत.